शून्य नफ्याचे दुकान : प्रस्तावना

दुकानाचा नफा किती, हे दुकानात काय विकले गेले यावर ठरते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते दुकान कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे यावरही ठरते. डिचोलीच्या बाजारपेठेत दोन भाऊ मिळून किराणा दुकान चालवतात असे धरू. दुकान थोरल्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर त्याने सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसून केलेल्या कामाचा पगार आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही. मालक स्वतःला पगार देऊ शकत नाही, तो फक्त उचल करतो. याच दोघांनी भागीदारीपत्र केले आणि त्यात काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला लिहून ठेवला, की आयकर कायद्याने घातलेल्या मर्यादेत तोच मोबदला खर्चात बसतो. भांडवलावरचे व्याजही १२ टक्क्यांपर्यंत खर्चात धरता येते. माल तोच, गिऱ्हाईक तेच, बसणारी माणसेही तीच. स्टॅम्प पेपरवरच्या चार ओळींनी नफ्याचा आकडा मात्र बदलला. म्हणजे वहीतला नफा हा मोजण्याच्या एका रीतीचा परिणाम आहे, आणि त्या रीतीत मालकाच्या श्रमाला जागा आहे की नाही, यावर त्या आकड्याचा अर्थ अवलंबून आहे. हे पुस्तक पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या लहान दुकानांकडे या एका प्रश्नाच्या बाजूने पाहते.

अर्थशास्त्र वहीतल्या नफ्याला हिशेबी नफा म्हणते. विक्रीतून मालाची खरेदी आणि हातून रोख गेलेला खर्च वजा केला की तो उरतो. मालकाचे श्रम, घरच्यांचे श्रम, स्वतःच्या मालकीचा गाळा आणि अडकलेले स्वतःचे भांडवल यांना दुसरीकडे जे मिळाले असते, ते संधी-खर्च म्हणून वजा केले की आर्थिक नफा येतो. व्याख्या दोन ओळींची आहे. अडचण अशी की बहुतेक दुकानांत पहिला आकडाच धड माहीत नसतो. साबण, तेल, साखर घरात जाते आणि कुठे लिहिली जात नाही, त्यामुळे नफा दिसतो त्यापेक्षा खरा जास्त असतो. उलट, उधारीची विक्री विक्रीत धरली जाते आणि त्यातली काही कधीच परत येत नाही, त्यामुळे नफा दिसतो त्यापेक्षा खरा कमी असतो. गल्ल्यात पैसे आहेत म्हणजे कमाई आहे, असे वाटत राहते. ते पैसे पुढच्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरला द्यायचे असतात. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: वर्षातून निदान एकदा, ३१ मार्चला, फळीवरचा माल मोजणे. सुरुवातीचा साठा अधिक वर्षाची खरेदी वजा शेवटचा साठा, म्हणजे दुकानातून गेलेल्या मालाची किंमत. तिच्या मानाने विक्री अपेक्षेपेक्षा कमी दिसली, तर माल घरात गेला, खराब झाला किंवा चोरीला गेला. ज्यांनी अंदाजित उत्पन्नाची योजना घेतली आहे, म्हणजे कलम ४४एडी खाली उलाढालीच्या किमान ८ टक्के, डिजिटल विक्रीवर ६ टक्के नफा दाखवला आहे, त्यांच्या विवरणपत्रातला आकडा तर कराच्या सोयीचा असतो. दुकान खरोखर किती कमावते, हे त्यावरून कळत नाही.

मालकाचा नफा हा बराचसा त्याचा पगारच असतो, ही गोष्ट अर्थशास्त्राला नवी नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात नेमका वाण्याचाच दाखला घेतला आहे. लहानशा बंदरगावातला वाणी शंभर पौंडांच्या मालावर चाळीस-पन्नास टक्के मिळवतो, तर त्याच गावातला मोठा घाऊक व्यापारी दहा हजार पौंडांवर जेमतेम आठ-दहा टक्के मिळवतो. मग वाणी लुबाडतो का? स्मिथचे उत्तर असे की वाण्याला लिहिता-वाचता यावे लागते, हिशेब यावा लागतो, पन्नास-साठ प्रकारच्या मालाची पारख लागते, कुठे काय स्वस्त मिळते ते ठाऊक असावे लागते. अशा माणसाच्या श्रमाची मजुरी त्या नफ्यातून काढली, तर भांडवलाचा नेहमीचा परतावाच काय तो उरेल. आजही गावातल्या दुकानावर ‘इतकी टक्केवारी कमावतो’ असा आरोप होतो, तेव्हा हेच उत्तर लागू पडते. स्मिथने वाण्याची बाजू घेतली ती वजाबाकी करून.

ही वजाबाकी शेवटपर्यंत नेली ती लिआँ वाल्राने. १८७४ मध्ये त्याने मांडले की स्पर्धा पूर्ण रुजली की उद्योजकाला उद्योजक म्हणून नफाही नाही आणि तोटाही नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विधान भीषण वाटते, म्हणून त्याने पुढे दिलेले स्पष्टीकरण महत्त्वाचे आहे: अशी माणसे जगतात ती जमिनीची मालक, भांडवलाची धनी किंवा श्रमिक म्हणून, त्यांचा वाटा त्यांना त्या नात्याने मिळालेला असतो. अ‍ॅल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये व्यवस्थापनाची कमाई वेगळी दाखवली आणि धंद्यात टिकून राहण्यापुरता जो नफा लागतो तो खर्चाचाच भाग मानला. पाठ्यपुस्तकांतला ‘सामान्य नफा’ इथून आला. पुढचा वाद शून्याच्या वर काय असते आणि का असते यावर झाला. शुम्पीटरच्या मते नवी जुळणी करणाऱ्याला तो मिळतो आणि इतरांनी नक्कल केली की विरतो. मोरजीला रशियन पर्यटक येऊ लागले तेव्हा त्यांच्या सवयीचा माल जो पहिल्यांदा ठेवील, त्याला काही हंगाम जादा मिळेल, मग शेजारच्या चार दुकानांत तोच माल दिसेल. फ्रँक नाइटने १९२१ मध्ये वेगळे कारण दिले: ज्या जोखमीची शक्यता मोजता येते तिचा विमा उतरवता येतो, जी अनिश्चितता मोजताच येत नाही ती अंगावर घेणाऱ्याला नफा होतो किंवा तो बुडतो. गोव्यातल्या गेल्या बारा-पंधरा वर्षांकडे पाहता नाइटचे म्हणणे मला जास्त पटते, कारण इथल्या दुकानांचे भवितव्य ज्या दोन घटनांनी, म्हणजे खाणबंदीने आणि मोपाच्या विमानतळाने, पालटले, त्यांची तारीख कोणत्याही दुकानदाराला आधी मोजता आली नसती.

मराठी वाचकाला मात्र ही कल्पना पाश्चात्त्य पुस्तकांतून शिकण्याची गरज नाही. शेतमालाच्या भावाच्या भांडणातून ती आपल्याकडे घरोघर पोहोचलेली आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘उत्पादनखर्चावर आधारित भाव’ मागितला, तेव्हा खर्च कोणता हाच मुद्दा होता. केंद्राचा कृषी खर्च आणि मूल्य आयोग तीन पायऱ्यांनी खर्च काढतो: हातून प्रत्यक्ष गेलेला तो ‘ए-२’; त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की ‘ए-२ अधिक एफएल’; आणि त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की ‘सी-२’. हमीभाव दीडपट द्यायचा तो यांतल्या कशाच्या, यावर २०१८ च्या अर्थसंकल्पापासून सरकार आणि शेतकरी संघटना यांच्यात वाद चालू आहे. शेतकऱ्याच्या बायकोने केलेली खुरपणी फुकट नाही, हे आपण निदान तत्त्वाने मान्य केले आहे. त्याच शेतकऱ्याचा भाऊ बाजारात दुकान टाकतो, तेव्हा त्याच्या बायकोने दुपारी गल्ल्यावर काढलेले चार तास मात्र कोणी मोजत नाही. या पुस्तकाची सारी मांडणी म्हणजे सी-२ चे गणित शेताच्या बांधावरून दुकानाच्या फळीपाशी आणणे होय.

ते गणित एकदा पुरते करून पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण प्रमाण ओळखीचे वाटावे असे आहे. पेडण्याच्या बाजारात स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात किराणा दुकान आहे. महिन्याची विक्री ३,००,००० रुपये. त्यावर सरासरी १३ टक्के सुटतात, म्हणजे ३९,०००. तेल-साखरेवर कमी, बिस्किटे-साबणावर थोडे जास्त, सुट्या मसाल्यावर आणखी जास्त, असे मिळून. वीज ३,५००, वाहतूक आणि हमाली २,५००, पिशव्या, फोन, परवाने, खराब माल मिळून २,०००. असा ८,००० रोख खर्च जाऊन वहीत ३१,००० उरतात. आता न लिहिलेले खर्च. दुकानदाराला त्याच्या वयात, त्याच्या शिक्षणावर आसपास खरोखर मिळू शकेल अशी नोकरी १६,००० ची. पत्नी रोज चार तास बसते. तेवढ्या वेळात तिला शिवणातून किंवा दुसऱ्या अर्धवेळ कामातून मिळाले असते ते ५,०००. गाळा भाड्याने दिला असता तर ६,०००. माल आणि उधारी मिळून ६ लाख अडकलेले आहेत. वर्षाला ८ टक्क्यांनी महिन्याचे ४,०००. बेरीज ३१,०००. आर्थिक नफा शून्य.

या शून्याचा अर्थ नीट लावला पाहिजे, कारण इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. घर चालले आहे, मुलांची फी भरली जाते, बँकेचा हप्ता जातो. शून्य म्हणजे काही उरले नाही, असे नव्हे. नवऱ्याला त्याचा पगार मिळाला, बायकोला तिचा मिळाला, गाळ्याला भाडे मिळाले, भांडवलाला व्याज मिळाले. ‘दुकान’ नावाच्या गोष्टीने या चौघांना एकत्र आणल्याबद्दल वेगळे काही मिळाले नाही, इतकेच. हे दुकान बंद करून चारही गोष्टी चार ठिकाणी लावल्या, तर घरात तेवढेच पैसे येतील. म्हणून शून्य हे टिकून राहण्याचे चिन्ह आहे. ऋण आकडा आला तर त्याचाही अर्थ दिवाळे असा नाही. त्या घरातले कोणीतरी बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यावर राबते आहे आणि कोण ते आपण अजून विचारलेले नाही, एवढेच तो सांगतो. गणितातला सर्वांत नाजूक आकडा १६,००० हा आहे. नोकरी आठ तासांची असते आणि दुकान बारा तासांचे, रविवारसकट. तासावर मोजले तर महिन्याच्या सुमारे २०८ तासांचे १६,००० म्हणजे तासाला ७७ रुपये, आणि दुकानातल्या ३६० तासांचे २७,७०० च्या आसपास. मग हेच दुकान ११,७०० च्या तोट्यात दिसते. कोणते बरोबर? दुकान सोडल्यावर हातात नक्की काय येईल, हा प्रश्न असेल तर १६,०००, कारण उरलेल्या तासांचे पैसे कोणी देणार नाही. पण मग ते तास विश्रांतीचे आणि घराचे होतील, त्यांचीही काही किंमत आहे. मालक आजारी पडला आणि बारा तास माणूस ठेवावा लागला तर काय, हा प्रश्न असेल तर मोठा आकडा. दुकान विकायचे असेल तेव्हा घेणारा हाच मोठा आकडा मनात धरतो, आणि मालकाला मागितलेली किंमत मिळत नाही याचे कारण पुष्कळदा हेच असते. दोन्ही आकडे शेजारी लिहावेत आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणता, हे ठरवून वापरावा.

आता या पुस्तकाचा मुख्य मुद्दा. हिशेबी नफा दुकानाच्या आत घडतो, पण शून्याची रेषा दुकानाबाहेर आखली जाते. मोपाचे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली. धारगळच्या आयुर्वेद संस्थानाचे उद्घाटनही ११ डिसेंबरलाच झाले. अशा ठिकाणी सफाई, सुरक्षा, वाहतूक, सामान हाताळणी अशा नोकऱ्या येतात आणि आजूबाजूच्या गाळ्यांची मागणी वाढते. आपल्या दुकानदाराला मिळू शकणारी नोकरी १६,००० वरून २०,००० झाली आणि गाळ्याचे भाडे ६,००० वरून ९,००० झाले असे धरू. रहदारी वाढल्याने त्याची विक्रीही ३,३०,००० वर गेली. वही सांगेल: सुटलेले ४२,९००, खर्च ८,०००, नफा ३४,९००, दुकान सुरू झाल्यापासूनचे सर्वांत चांगले वर्ष. दुसरा हिशेब सांगेल: २०,००० आणि ५,००० आणि ९,००० आणि ४,००० मिळून ३८,०००, आर्थिक तोटा ३,१००. दुकानदाराने काहीही चुकीचे केलेले नाही. त्याच्या हातातल्या गोष्टींची बाहेरची किंमत त्याच्या विक्रीपेक्षा वेगाने वाढली. घर म्हणून ते कुटुंब अधिक सधन झाले आहे, कारण गाळा त्यांचाच आहे. दुकान म्हणून मात्र ते आता गाळ्याचे भाडे स्वतःच्या श्रमातून भागवते. कुलूप लावून गाळा एखाद्या मोबाइलवाल्याला किंवा दुचाकी भाड्याने देणाऱ्याला दिला जातो, तेव्हा लोक म्हणतात की धंदा बसला. धंदा बसलेला नसतो. त्या जागेची आणि त्या माणसाची दुसरी किंमत उठलेली असते.

डिचोलीत याच गणिताची उलटी बाजू दिसते. राज्य सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. शिरगाव, मये, पिळगाव, साखळी या पट्ट्यात ट्रकवाले, गॅरेजवाले, पेट्रोल पंप, खानावळी आणि किराणा असे सारे एका साखळीत होते. आपलेच उदाहरण तिथे नेऊ. विक्री ३,००,००० वरून २,४०,००० वर आली. सुटलेले ३१,२००, खर्च ८,०००, वहीतला नफा २३,२००. महिन्याला ७,८०० ची घट. पण दुकान सोडून जायचे कुठे? खाणीवरची नोकरी गेली, ट्रक उभे राहिले. मिळालेच तर १०,००० चे काम. पत्नीच्या वेळेचे ३,०००, गाळ्याचे भाडे ४,०००, भांडवलाचे पूर्वीचे ४,०००. बेरीज २१,०००. आर्थिक नफा २,२०० रुपये अधिक! कुटुंब गरीब झाले आणि आर्थिक नफा शून्यातून वर आला. अशा वेळी तालुक्यात दुकाने कमी होण्याऐवजी नवे पसरे उघडताना दिसले, तर त्यात आश्चर्य नाही. जाण्यासारखी जागा उरली नाही की श्रम स्वस्त होतो आणि स्वस्त श्रमावर कोणतेही दुकान ‘नफ्यात’ दिसू लागते. फक्त उधारी विसरू नये. पगार थांबलेल्या घरांची वही वाढत जाते आणि महिन्याला ३,००० रुपये जरी वसूल न होणारे निघाले, तरी हे २,२०० पुसून ८०० चा तोटा उभा राहतो. डिचोलीसारख्या ठिकाणी जुन्या उधारीचे वय लावून पाहणे, म्हणजे तीन महिने, सहा महिने, वर्ष अशी फोड करणे, हे कोणत्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगते.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की आर्थिक नफ्याची मर्यादाही स्पष्ट होते. तो सुखाचे माप नाही आणि सुबत्तेचेही नाही. राहायचे की सोडायचे, एवढ्या एका निर्णयापुरता तो बोलतो, आणि तोही समोर असलेल्या दुसऱ्या पर्यायाच्या मानाने. पेडण्याचा ऋण आकडा आणि डिचोलीचा धन आकडा यांची तुलना करून डिचोलीची दुकाने बरी चालली आहेत असे कोणी म्हणाले, तर तो हिशेब नव्हे, गैरवापर आहे. सरकारी धोरण आखणाऱ्यांनी दुकानांची वाढती संख्या पाहून रोजगार वाढल्याचे म्हणू नये, हे याच तर्काने निघते.

या साऱ्या मांडणीवर सर्वांत गंभीर आक्षेप रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव्हचा आहे. १९२० च्या दशकात त्याने शेतकरी कुटुंबांचा अभ्यास करून मांडले की जिथे मजूर लावलेलेच नाहीत तिथे मजुरी कल्पून नफा काढणे निरर्थक आहे. कुटुंब एकूण उत्पन्न पाहते. आणखी एक तास राबण्याचा शीण आणि त्यातून भागणारी गरज यांचा तोल साधते. लहान दुकानाला हे वर्णन चपखल लागते. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब करणारेही स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या कमाईला ‘मिश्र उत्पन्न’ म्हणून सोडून देतात, कारण त्यातला पगार किती आणि नफा किती हे वेगळे निघत नाही. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. कुटुंब एक मनाने विचार करते, हे त्यातले गृहीतक मात्र तपासायला हवे. दुकानाची दुसरी पिढी बारावीनंतर गल्ल्यावर बसायची की पणजीला नोकरी धरायची, हा प्रश्न घरात निघतो, तेव्हा त्या मुलाच्या वेळेची किंमत घरातले सगळेच मनातल्या मनात करत असतात. कागदावर ती न केल्याने चर्चा टळत नाही. ती फक्त आवाज मोठा असलेल्याच्या बाजूने सुटते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: आपण आपले मालक आहोत, घर मागेच आहे, जत्रेला किंवा चवथीला कोणाची रजा मागायची नाही, याला किंमत नाही का? आहे, आणि ती मोजलेलीही आहे. बार्टन हॅमिल्टन यांनी २००० साली अमेरिकी आकडेवारीवरून दाखवले की दहा वर्षे स्वतःचा धंदा केलेल्या मधल्या माणसाची कमाई तेवढाच काळ नोकरीत मिळाली असती त्यापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी होती, तरी माणसे धंद्यात राहतात. त्यांनी याचा अर्थ असा लावला की ही माणसे स्वतःचे मालक असण्यासाठी तेवढे पैसे सोडतात. आपल्या उदाहरणातला पेडण्याचा दुकानदार ३,१०० चा तोटा पाहून म्हणू शकेल की मला हे स्वातंत्र्य ३,१०० ला परवडते. तसे म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आधी आकडा माहीत असला पाहिजे, एवढीच अट आहे. शिवाय, पन्नाशीच्या माणसाला नोकरी कोण देणार, असे कोणी म्हणाले तर तेही बरोबर आहे. मग पहिल्या हिशेबातले १६,००० कमी करून ८,००० धरावेत. संधी-खर्च म्हणजे जाहिरातीतला पगार नव्हे, त्या माणसाला खरोखर मिळेल तो.

गोव्यातली एक बाब इतरत्र सहसा आढळत नाही आणि तिला या पुस्तकात मोठी जागा आहे. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार इथल्या पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून आयकर कायद्यात १९९४ मध्ये कलम ५ए आले. त्यानुसार पगार सोडून बाकी प्रकारचे उत्पन्न, त्यात दुकानाचा नफाही आला, पती-पत्नीत निम्मे-निम्मे वाटून धरले जाते. आपल्या दुकानातले ३१,००० म्हणजे कराच्या कागदावर दोघांचे साडेपंधरा-साडेपंधरा हजार. तोच माणूस दुकान सोडून १६,००० च्या नोकरीला गेला, तर तो पगार मात्र त्याच्या एकट्याचा. म्हणजे गोव्याचा कायदा दुकानातल्या बाईला वाटेकरी मानतो, पण मालमत्तेच्या नात्याने. ती गल्ल्यावर चार तास बसते की एकदाही पाऊल टाकत नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. श्रमबळाच्या सरकारी पाहणीत तिची नोंद होते ती ‘घरच्या उद्योगातली विनावेतन मदतनीस’ अशी. एका कागदावर निम्म्या नफ्याची धनीण, दुसऱ्यावर विनावेतन मदतनीस. तिच्या ५,००० रुपयांचा उल्लेख दोन्हीकडे नाही. पुढच्या प्रकरणांत दिलेल्या तक्त्यांत तिच्या वेळेची ओळ स्वतंत्र आहे, आणि ती नवऱ्याच्या अंदाजाने न भरता तिच्याकडून भरून घ्यावी, अशी सूचना जागोजागी आहे.

या पुस्तकाची भिस्त मोठ्या पाहणीवर नाही आणि दोन तालुक्यांतल्या सर्व दुकानांचा सरासरी नफा सांगण्याचा त्याचा दावाही नाही. किराणा, कापड, हार्डवेअर, औषधे आणि किनाऱ्यावरची हंगामी दुकाने असे पाच नमुने घेऊन प्रत्येकाचा हिशेब दोन रकान्यांत मांडला आहे: डावीकडे वही, उजवीकडे न लिहिलेले खर्च. हंगामी दुकानांचे गणित मला सर्वांत उपयुक्त वाटले. हरमल-मांद्र्याच्या पट्ट्यात सात महिन्यांच्या विक्रीवर बारा महिन्यांचे भाडे काढायचे असते आणि पावसाळ्यातल्या रिकाम्या पाच महिन्यांत मालकाच्या श्रमाची किंमत शून्य धरायची की शेतीतल्या कामाएवढी, यावर उत्तर पूर्ण फिरते. औषधाच्या दुकानाचा नमुना तुलनेने सरळ आहे, कारण तिथे फार्मासिस्टचा पगार बाजारात ठरलेला असतो. मालक स्वतः फार्मासिस्ट असेल तर त्याची मजुरी किती, याबद्दल वाद उरत नाही. नव्याने वाचणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी. कापडाच्या दुकानात बुडीत खर्चाचा प्रश्न येतो: दहा वर्षांपूर्वी फर्निचरवर घातलेले तीन लाख आता हिशेबात धरायचे नाहीत, ते फर्निचर आज विकले तर जे चाळीस-पन्नास हजार येतील, व्याज तेवढ्यावरच लावायचे. पुष्कळ दुकानदारांना हे अन्यायाचे वाटते, आणि लेखकाने त्या भावनेला पुरेसा वेळ दिला आहे. हार्डवेअरच्या नमुन्यात मोपाच्या बांधकामाच्या काळातली तेजी वेगळी काढून दाखवली आहे, कारण त्या दोन-तीन वर्षांचा नफा हा शून्याच्या वरचा, नाइटच्या अर्थाने अनिश्चिततेचा नफा होता. तो नेहमीचा समजून ज्याने दुसरा गाळा कर्जावर घेतला, त्याच्या उजव्या रकान्यातले व्याज आता डावीकडे सरकून रोख खर्च झालेले आहे.